बोलून पाठवायचं की लिहून? कापूस गटासाठी व्हॉइस नोटचा नीट वापर

विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने सर्वांत जास्त बोलण्याचे असतात. पऱ्हाटीला पात्या लागल्या की गुलाबी बोंडअळीची चर्चा सुरू होते. गटाचा समन्वयक, कृषी सहायक, शेतीशाळा चालवणारी ताई, कृषी केंद्रावर बसणारा भाऊ, सगळेच माइकचं बटण दाबून बोलतात. यातल्या कित्येक नोट कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही. ज्या ऐकल्या जातात, त्यांतलं औषधाचं प्रमाण फवारणीच्या वेळी कुणाच्या लक्षात नसतं. मग सकाळी सहा वाजता फोन येतो, "भाऊ, काल तुम्ही किती मिली म्हटलं होतं?"

हा लेख अशा गटाला सल्ला पाठवणाऱ्यांसाठी आहे. कुठली गोष्ट बोलून पाठवावी, कुठली लिहून, आणि बोलून पाठवायची ठरली तर ती शेतात उभ्या असलेल्या माणसाला एकदा ऐकून कळेल अशी कशी करावी, एवढाच विषय आहे. उदाहरणं बोंडअळीची आहेत, कारण या एकाच कामात लिहिण्याच्या आणि बोलण्याच्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येतात.

आधी एकच प्रश्न: हा निरोप पुन्हा लागणार आहे का?

व्हॉइस नोट पाठवायची की नाही हे ठरवताना बहुतेक जण स्वतःची सोय बघतात. टाइप करायला वेळ नाही, म्हणून बोलून टाकलं. पण बोलण्यात पाठवणाऱ्याचा जेवढा वेळ वाचतो, त्याच्या कितीतरी पट वेळ ऐकणाऱ्यांचा जाऊ शकतो. दीडशे जणांच्या गटावर तीन मिनिटांची नोट टाकली आणि सगळ्यांनी ती ऐकली, तर साडेसात तास खर्च झाले. म्हणून प्रश्न ऐकणाऱ्याच्या बाजूने विचारायचा: या माणसाला ही माहिती एकदा ऐकून पुरेल, की काम करताना ती पुन्हा डोळ्यांसमोर लागेल?

औषधाचं प्रमाण, तारीख, ठिकाण, पैसे, फोन नंबर, कागदपत्रांची यादी या गोष्टी पुन्हा लागतात. पंपात औषध ओतताना शेतकऱ्याला प्रमाण बघायचं असतं. लिहिलेलं असेल तर तो वर सरकवून एका नजरेत बघतो. बोललेलं असेल तर हातमोजे काढायचे, नोट शोधायची, सुरुवातीपासून लावायची आणि नेमकं ते वाक्य येईपर्यंत थांबायचं. एवढं कुणी करत नाही, अंदाजाने ओततो. शिवाय व्हॉट्सॲपच्या शोधात "निंबोळी" टाकलं तर लिहिलेला मेसेज सापडतो, व्हॉइस नोटमध्ये बोललेला शब्द सापडत नाही. आणखी एक फरक मोठा आहे. लिहिलेल्या मेसेजमध्ये चूक झाली तर पाठवल्यापासून 15 मिनिटांच्या आत तो दुरुस्त करता येतो. व्हॉइस नोट दुरुस्त होत नाही, ती सगळ्यांसाठी डिलीट करावी लागते, आणि तोवर कुणी ती पुढे पाठवली असेल तर ती प्रत तशीच फिरत राहते.

मग बोलून काय पाठवायचं? जिथे कसं करायचं हे सांगायचं आहे, ते. डोमकळी कशी ओळखायची, बोंड कुठून चिरायचं, सापळा पऱ्हाटीच्या शेंड्याच्या वर किती ठेवायचा आणि पीक वाढेल तसा तो वर का सरकवायचा. हे लिहायला बसलात तर दहा ओळी होतात आणि त्या वाचताना माणूस अडखळतो. बोलताना आपण आपोआप क्रमाने सांगतो, जिथे चूक होते तिथे आवाज थांबतो, आणि ऐकणाऱ्याला तो क्रम पकडता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर देणं किंवा सावध करणं. शेजारच्या गावात बोंडअळी आली अशी बातमी फिरली की लोक घाबरून लगेच फवारतात. "अजून फवारणीची गरज नाही, आधी सापळे मोजा" हे वाक्य लिहिलं तर कोरडं वाटतं, कधी कधी टाळाटाळही वाटते. तेच ओळखीच्या आवाजात, सावकाश सांगितलं तर लोक थांबतात. मला स्वतःला व्हॉइस नोटचं सर्वांत मोठं मोल इथेच वाटतं.

तिसरं, ज्यांना वाचणं जड जातं ते. गटात साठीपुढचे काका असतात, मोतीबिंदू झालेले असतात, चौथीपर्यंत शिकलेल्या मावशी असतात. त्यांच्यासाठी आवाज ही सोय नसून गरज आहे. पण याच गटात ऐकू कमी येणारेही असतात, आणि ते सहसा बोलून दाखवत नाहीत. म्हणून नोट पाठवली तरी तिचा गाभा दोन-चार ओळींत लिहायचाच.

आणि काही वेळा यातलं काहीच नको, सरळ फोन लावायचा. फवारणी करताना कुणाला चक्कर आली, उलट्या झाल्या, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर गटावर बोलत बसायचं नाही. 108 ला फोन, औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. नोट ऐकली जाईपर्यंत जाणारा वेळ अशा वेळी परवडत नाही.

प्रमाण कधीच फक्त आवाजात नको

हा मुद्दा वेगळा काढतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्यामागे अनेक कारणं होती, ती सगळी इथे मांडत नाही. पण त्या भागात सल्ला देणाऱ्या कुणालाही तेव्हापासून हे माहीत आहे की औषधाचं नाव, प्रमाण आणि काय कशात मिसळायचं नाही, या तीन गोष्टींत ऐकण्यातली चूक खपत नाही.

ऐकताना आकडे कसे बदलतात ते बघा. बाइक चालू असताना "पंचवीस" आणि "पस्तीस" यांतला फरक कानाला नीट येत नाही. "बावीस" आणि "बावन्न", "सदतीस" आणि "सदुसष्ट" यांचंही तसंच. स्वस्त मोबाइलचा छोटा स्पीकर, बाजूला वारा, आणि नोट दीडपट वेगाने लावलेली, एवढं जमलं की आकडा बदलतो. त्यात "लिटरला" की "पंपाला" हा घोळ वेगळाच. एकाचा पंप 15 लिटरचा, दुसऱ्याचा 20 लिटरचा, तर "पंपाला एवढं" या सांगण्याला अर्थ राहत नाही.

म्हणून नियम असा ठेवा: आकडा नोटमध्ये बोलायचा असेल तर तो वर लिहिलेलाही असला पाहिजे, आणि नोटमध्येच सांगायचं की "प्रमाण वर लिहिलंय, ते बघून घ्या." आकडा बोलताना सुटे अंकही उच्चारा: "पस्तीस, तीन-पाच." रासायनिक औषध असेल तर मी प्रमाण बोलतच नाही. नाव आणि प्रमाण लिहून, सोबत डब्याच्या लेबलचा फोटो, आणि नोटमध्ये फक्त हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा आणि नोझल तोंडाने न फुंकणं.

निंबोळी अर्काचं उदाहरण घेऊ, कारण तो घरी करायचा असतो आणि त्यात आकडे व कृती दोन्ही आहेत. पाच टक्के अर्कासाठी लिहून पाठवायचं ते एवढंच:

> 5% निंबोळी अर्क, 100 लिटर फवारणीसाठी
> निंबोळीची भुकटी: 5 किलो
> भिजवायला पाणी: 9 लिटर, रात्रभर
> साबणाचा चुरा: 200 ग्रॅम, 1 लिटर पाण्यात
> गाळून, दोन्ही मिसळून, पाणी घालून एकूण 100 लिटर

आणि बोलायचं ते असं: "भुकटी संध्याकाळी भिजत घाला. सकाळी ढवळून घ्या, फडक्यातून गाळा आणि फडकं पिळून घ्या, कारण खरा अर्क त्या पिळण्यात निघतो. चोथ्यात पुन्हा थोडं पाणी घालून परत पिळायला हरकत नाही. साबण रात्रीच वेगळ्या भांड्यात भिजवा, म्हणजे सकाळी गुठळ्या राहत नाहीत. गाळणं दाट घ्या, नाहीतर नोझल तुंबतं. अर्क केला त्याच दिवशी वापरा. बाकी सगळी मापं वर लिहिली आहेत." या बोलण्यात एकही माप नाही, आणि लिहिलेल्या पाच ओळींत पिळण्याचा उल्लेख नाही. असं वाटून घेतलं की दोन्ही लहान राहतात.

बोलण्याआधी तीन ओळी

लांबलेल्या नोटचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की माणूस बटण दाबल्यावर विचार करायला लागतो. "तर काय आहे ना मंडळी…" हे शब्द त्या विचाराच्या वेळेत येतात. त्यामुळे आधी कागदाच्या कपट्यावर किंवा मोबाइलच्या नोंदवहीत तीन ओळी लिहा: कुणासाठी आणि कधीपर्यंत, काय करायचं, आणि करताना कुठे चूक होते. पूर्ण वाक्यं लिहू नका. लिहिलेली वाक्यं वाचून दाखवली की आवाज बातम्यांसारखा सपाट होतो, आणि गावातला माणूस असा आवाज ऐकायचं लवकर सोडतो.

एका नोटमध्ये एकच काम. सापळे मोजणं, पीकविम्याची तारीख आणि रविवारची बैठक हे तीन विषय एकत्र बोललात, तर विम्याची तारीख शोधणाऱ्याला सापळ्यांचं सगळं ऐकावं लागेल. तीन कामं असतील तर विमा आणि बैठक लिहून टाका, सापळ्यांचं बोला.

लांबी मिनिटभर. शिकवण्याची नोट असेल तर दीड मिनिटापर्यंत चालते, त्यापुढे गेली की दोन करा. दोन नोट लागोपाठ पाठवल्या तर पहिली संपल्यावर दुसरी आपोआप सुरू होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्रास होत नाही. उलट ज्याला फक्त दुसरा भाग पुन्हा ऐकायचा आहे त्याची सोय होते. मात्र पाच-सात तुकडे करू नका. बारा-बारा सेकंदांच्या नोटांची रांग लागली की मध्येच कुणाचा तरी "ओके दादा" येतो आणि साखळी तुटते.

कुठे उभं राहून बोलायचं

शेतातून, बांधावर उभं राहून बोललेली नोट खरी वाटते, हे मान्य. पण वारा माइकवर आदळला की फडफड येते आणि शब्द त्याखाली जातात. वाऱ्याकडे पाठ करा आणि फोन अंगाच्या आडोशाला धरा. त्यापेक्षा चांगलं म्हणजे झाडाच्या खोडामागे किंवा गाडीत काचा वर करून. घरात असाल तर पंखा बंद, कुकर आणि टीव्हीपासून लांब. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, अंथरूण-पांघरूण असलेल्या खोलीत कमी घुमतो. बाइकवर बोलूच नका, मागे बसून सुद्धा नाही.

बहुतेक फोनचा बोलायचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. फोन तळहातात धरला की करंगळी नेमकी त्यावर येते आणि आवाज कोंडल्यासारखा होतो. ती बोटं बाजूला घ्या. फोन तोंडासमोर अगदी जवळ धरलात तर "प", "फ", "भ" या अक्षरांना हवेचा ठोका बसतो. साधारण वीतभर अंतर, आणि फोन किंचित गालाच्या बाजूला, म्हणजे श्वास थेट माइकवर जात नाही.

रेकॉर्ड करताना बटण दाबून धरायची गरज नाही. माइकचं चिन्ह दाबून बोट वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं आणि हात मोकळा होतो, मग कपट्याकडे बघत बोलता येतं. मध्ये गाडी गेली, कुत्रं भुंकलं, तर थांबवायचं बटण दाबून थांबा आणि शांत झालं की पुढे बोला. 2022 पासून ही सोय आहे, तरी तिचा वापर फार कमी लोक करतात. पाठवण्याआधी नोट स्वतः ऐकता येते. पूर्ण ऐकायचा कंटाळा येत असेल तर पहिले दहा सेकंद तरी ऐका, आवाज बरा आला की नाही तेवढ्यात कळतं.

मधला तुकडा कापून टाकता येत नाही. त्यामुळे आकडा किंवा तारीख चुकली तर "नाही नाही, चुकलं, दहा नाही, वीस" असं म्हणून पुढे जाऊ नका. अर्ध्या लोकांच्या कानात पहिलाच आकडा बसतो, आणि ज्याचं लक्ष त्या क्षणी दुसरीकडे होतं त्याला दुरुस्ती ऐकूच येत नाही. नोट टाकून द्या आणि पुन्हा बोला.

पहिले दहा सेकंद

ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांत ठरवतो की ही नोट आपल्यासाठी आहे का आणि आत्ता ऐकायची का. म्हणून नमस्कार एका शब्दात, आणि लगेच: आज कोणती तारीख, हे कुणासाठी, काय करायचं, कधीपर्यंत. तारीख आवाजात बोलणं गरजेचं आहे, कारण नोट पुढे पाठवली की मूळ कुणी, कधी पाठवली ते समोरच्याला दिसत नाही. मागच्या वर्षीची "लगेच फवारा" म्हणणारी नोट यंदा दुसऱ्या तालुक्यात फिरताना मी पाहिली आहे. त्याच कारणाने "आज", "उद्या", "परवा" टाळा. नोट दोन दिवसांनी ऐकणाऱ्याचा परवा वेगळा असतो. "बुधवार, 10 सप्टेंबर" म्हणा. गाव आणि तालुकाही सांगा, म्हणजे ज्या भागात पेरणी उशिरा झाली तिथे तोच सल्ला लागू पडणार नाही हे ऐकणाऱ्याला कळेल.

वेग बोलण्याचाच ठेवा, पण प्रत्येक कृतीनंतर श्वासभर थांबा. ऐकणारा दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकू शकतो, ते त्याच्या हातात आहे. तुम्हीच घाईने बोललात तर त्याला सावकाश ऐकण्याचा सोपा मार्ग नाही.

भाषा आपल्या शिवारातली. "पऱ्हाटी", "पात्या", "बोंडं", "डवरणी" हेच शब्द. "प्रादुर्भावाची आर्थिक नुकसान पातळी ओलांडल्यास" असं परिपत्रकातलं वाक्य कानाने ऐकून कुणालाच कळत नाही. तेच "वीस बोंडांत दोन बोंडं किडकी निघाली तर" म्हटलं की लगेच कळतं.

एक नोट, आधी आणि नंतर

गटांवर येणाऱ्या नोट साधारण अशा असतात. ही एका नोटेची नक्कल नाही, पण वळण ओळखीचं वाटेल:

> "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे. तर काय आहे, काल मी दोन-तीन गावांत जाऊन आलो, तिकडे पाऊस पण चांगला झालाय. तर बोंडअळीचं थोडं दिसायला लागलंय, म्हणजे सगळीकडे नाही, पण आहे. तर सगळ्यांनी आपापल्या शेतात जाऊन बघा, सापळे लावले असतील त्यांनी ते बघा, आठच्या वर पतंग आले तर मग आपल्याला विचार करावा लागेल, आणि बोंडं पण फोडून बघा, वीसमधली दोन वगैरे, आणि डोमकळी दिसली तर तोडून टाका. ज्यांनी सापळे लावले नाहीत त्यांनी लावून घ्या, एकरी दोन. आणि हां, परवा बैठक आहे, सगळ्यांनी या. विम्याचं पण बोलायचं आहे…"

यातली माहिती बरीचशी बरोबर आहे. तरी ऐकून काम होत नाही. आठ पतंग एका रात्रीचे की आठवड्याचे? एका सापळ्यात की सगळ्या सापळ्यांत मिळून? वीस बोंडं कुठली, एकाच झाडाची? डोमकळी तोडून टाकायची म्हणजे धुऱ्यावर फेकायची का? ती फेकली तर अळी शेतातच राहते. आणि काय कधीपर्यंत करायचं, हे कुठेच नाही.

आता तोच निरोप तीन भागांत. पहिल्यांदा डोमकळीचा फोटो. डोमकळी फोटोशिवाय सांगूच नये: अळी आतल्या पाकळ्या धाग्याने बांधून घेते, त्यामुळे फूल पूर्ण उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. डोळ्याने एकदा पाहिलं की कायमचं ओळखता येतं. फोटो जवळून, एकच फूल, सकाळच्या उजेडात. शेजारी निरोगी, उमललेल्या फुलाचा दुसरा फोटो.

मग लिहिलेला मेसेज:

> बोंडअळी तपासणी – बुधवार, 10 सप्टेंबरपर्यंत
> 1. सापळा: एका सापळ्यात एका रात्रीत 8 पतंग, सलग 3 रात्री → मला कळवा
> 2. बोंडं: एकरातून 20 झाडं, प्रत्येकाचं 1 हिरवं बोंड = 20 बोंडं. 2 किंवा जास्त किडकी → मला कळवा
> 3. डोमकळी: अळीसकट तोडून नष्ट करा
> कळवताना: गाव, पतंग, किडकी बोंडं
> कसं करायचं ते खालच्या नोटमध्ये ऐका.

आणि त्याखाली व्हॉइस नोट, साधारण मिनिटभराची:

> "नमस्कार. आज सोमवार, 8 सप्टेंबर. ज्यांच्या पऱ्हाटीला फुलं-बोंडं लागली आहेत त्यांच्यासाठी. बुधवारपर्यंत शेतात एक चक्कर मारून तीन गोष्टी बघायच्या आहेत, आकडे वर लिहिले आहेत.
> सापळा सकाळी बघा. पतंग मोजले की पिशवी रिकामी करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कालचेच पतंग पुन्हा मोजले जातील.
> बोंडं काढताना धुऱ्यावरून काढू नका. आत शिरा, तिरकं चालत जा आणि थोड्या थोड्या अंतरावर एक झाड निवडा. बोंड मध्यम आकाराचं, हिरवं, दाबल्यावर थोडं नरम. ते चिरून आत बघा, बाहेरून चांगलं दिसलं तरी आत अळी असू शकते.
> डोमकळी तोडली की धुऱ्यावर टाकू नका, पिशवीत घ्या आणि शेताबाहेर नेऊन चुरडा किंवा जाळा.
> एवढ्यावरून लगेच फवारायचं नाही. आधी आकडे मला पाठवा, मग ठरवू."

यात आकडा एकही बोललेला नाही, फक्त तारखा आहेत. तीन चुका नेमक्या सांगितल्या आहेत: पतंग दोनदा मोजणं, धुऱ्यावरची बोंडं काढणं, डोमकळी फेकून देणं. शेवटचं वाक्य धीराचं आहे, आणि ते लिहिण्याऐवजी बोलल्यामुळे त्याचा उपयोग होतो. बैठक आणि विमा यांचे वेगळे दोन ओळींचे मेसेज संध्याकाळी गेले तरी चालतात.

क्रमही महत्त्वाचा आहे: फोटो, लिहिलेलं, मग आवाज. आवाज आधी पाठवला तर ऐकणाऱ्याला समोर फक्त एक पट्टी आणि मिनिटं दिसतात, आत काय आहे ते कळत नाही. लिहिलेला मेसेज गटात वर पिन करून ठेवा. पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस ठेवता येतं. तपासणीसाठी सात दिवस पुरेत.

ऐकणाऱ्याच्या बाजूला काय घडतं

फोन नेहमी त्याच माणसाच्या हातात नसतो. गटात नाव काकांचं, फोन मुलाकडे, आणि शेतात काम ताईंचं, असं पुष्कळ घरांत असतं. नोट मोठ्या आवाजात, अंगणात, चार जणांत लावली जाते. म्हणून कुणाच्या कर्जाचं, उधारीचं, आजारपणाचं गटावर आवाजात कधी बोलू नका. कुणा एकाच्या शेतात पतंग जास्त निघाले, तर त्याचं नाव घेऊन "अमक्याने दुर्लक्ष केलं" असंही बोलू नका. लिहिलेला शब्द निदान मुकाट वाचला जातो.

कुणी वैयक्तिक प्रश्न आवाजात विचारला तर उत्तर आवाजातच द्या, कारण त्याने बहुधा लिहिणं जमत नाही म्हणूनच बोलून विचारलं असतं. उत्तराची सुरुवात त्याच्या प्रश्नाने करा: "काका, तुम्ही विचारलंत की सापळ्यातली गोळी बदलायची का…" गटातल्या इतरांना त्यामुळे संदर्भ मिळतो. उलट कुणी लिहून विचारलं तर लिहूनच उत्तर द्या. तो बहुधा अशा जागी आहे जिथे आवाज लावता येत नाही: बँकेत, बसमध्ये, आजारी माणसाशेजारी.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ई-कपास या उपक्रमात शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ध्वनिसंदेश पाठवले होते, त्यात स्मार्टफोनची अट नव्हती. गावपातळीवर तेवढी यंत्रणा नसते. तिथे गटातल्या दोन-तीन जणांना ठरवून सांगा की तुमच्या गल्लीतल्या अमक्या काकांना ही नोट लावून ऐकवायची.

कळलं की नाही, हे कसं कळणार

गटातल्या स्वतःच्या नोटेवर दाबून धरलं आणि माहिती उघडली की ती कुणाकुणाला पोचली आणि कुणी लावून ऐकली ते दिसतं. गटात माइकचं चिन्ह निळं होतं ते सगळ्यांनी नोट लावल्यावरच, म्हणून ही यादीच बघा. लिहिलेल्या मेसेजच्या निळ्या खुणा कुणी बंद ठेवल्या असल्या, तरी व्हॉइस नोट ऐकल्याची खूण बंद होत नाही. मात्र पहिले पाच सेकंद ऐकून बंद केलं तरी नोट ऐकली अशीच नोंद होते. त्यामुळे यावरून फक्त कुणी उघडलंच नाही तेवढं कळतं. अशा लोकांना संध्याकाळी एक फोन करा.

समजलं का हे "सगळ्यांना कळलं ना?" विचारून कळत नाही. त्याला अंगठे येतात. त्याऐवजी नोटमध्येच असं काही मागा जे ऐकल्याशिवाय देता येणार नाही: चिरलेल्या बोंडाचा फोटो, पतंगांचा आकडा. आलेल्या फोटोंवरून चूक लगेच दिसते. मोठं, फुटायला आलेलं बोंड चिरलेलं दिसलं तर "मध्यम, हिरवं" हे नीट सांगितलं गेलं नाही. सगळ्यांचे पतंगांचे आकडे रोज चढत गेले तर पिशवी रिकामी होत नाहीये.

एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला, तर नवी व्हॉइस नोट करू नका. पिन केलेल्या मेसेजमध्ये ती ओळ स्पष्ट करा. पंधरा मिनिटं उलटली असतील तर जुना मेसेज डिलीट करून दुरुस्त केलेला पुन्हा टाका आणि पिन करा. एकाच विषयावर गटात दोन नोट आणि दोन आकडे शिल्लक राहिले, तर लोक त्यांतला सोयीचा उचलतात. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत पाठवल्यापासून साधारण दोन दिवसांची असते, तेव्हा चुकीची नोट दिसली की त्याच दिवशी काढा आणि का काढली ते एका ओळीत लिहा, म्हणजे ज्यांनी ती आधीच पुढे पाठवली आहे ते तिकडेही कळवतील.